तिसरी तलवार कुणाच्या हातात?

मैत्री तुटल्याचा प्रश्न घेऊन कुणी टॅरोसमोर बसतं आणि थ्री ऑफ स्वोर्ड्स हे कार्ड उलगडतं, तेव्हा वेगळं काही सांगण्याची गरजच वाटत नाही. लाल हृदय, त्यात आरपार गेलेल्या तीन तलवारी, मागे करडे ढग आणि तिरपा पाऊस. टॅरोचं एकही पुस्तक न वाचलेल्या माणसालाही ते कळतं. ज्याच्या आराखड्यावरून हे चित्र काढलं गेलं त्या आर्थर एडवर्ड वेटनेही याचा अर्थ इतका उघड आहे की जास्त तपशील देण्याची गरज नाही, अशा आशयाचंच लिहून ठेवलं. वाचन करणारेही मग तेवढ्यावरच थांबतात: विश्वासघात झाला, मन दुखावलं, काळ जाऊ द्या. माझं म्हणणं याच्या उलट आहे. मैत्री एखाद्या चहाडीमुळे, इकडचं तिकडे सांगण्यामुळे तुटली असेल, तर हे कार्ड एका दुःखाचं नसतं. त्या तीन तलवारी तीन वेगळ्या जखमा असतात, त्या तीन वेगळ्या हातांनी झालेल्या असतात, आणि मैत्री पुन्हा सांधेल का याचं उत्तर कुठली तलवार कुणी उपसायची यावर अवलंबून असतं. तिन्ही एकत्र मोजल्या की प्रश्नाचं उत्तर फक्त हो किंवा नाही एवढंच उरतं, आणि ते उत्तर वाचणाऱ्याने मनानेच दिलेलं असतं.

हे चित्र 1909 साली लंडनमध्ये विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाच्या डेकमध्ये आलं. कल्पना वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. त्याआधीच्या मार्सेय पद्धतीच्या पत्त्यांत तीन तलवारींच्या कार्डावर हृदय नव्हतं. दोन वक्र तलवारींनी घडवलेल्या लांबट वर्तुळात एक सरळ तलवार, आजूबाजूला पानंफुलं, एवढंच. हृदयाची कल्पना पंधराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीत तयार झालेल्या सोला बुस्का नावाच्या डेकमध्ये सापडते. त्या पत्त्यांची छायाचित्रं 1907 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती आणि स्मिथने ती पाहिली असावीत असं बहुतेक अभ्यासक मानतात. मला या चित्रात सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यात नसलेली गोष्ट. इथे माणूस नाही. चारही प्रकारांतली दुरी ते दश्शी अशी छत्तीस कार्डं पाहिली तर मनुष्याकृती नसलेली दोनच निघतात: एक हे, आणि दुसरं एट ऑफ वाँड्स, म्हणजे आकाशातून सरसर चाललेल्या आठ काठ्या. ते दुसरं कार्ड बहुतेक जण येणाऱ्या निरोपाचं, बातमीचं म्हणून वाचतात. म्हणजे बातमीला माणूस नाही आणि जखमेलाही माणूस नाही. तलवारींच्या मुठी मोकळ्या आहेत, कुणाचाही हात त्यांवर नाही. चहाडीचं दुखणं नेमकं असंच असतं. भांडणात समोरचा दिसतो. कानामागून आलेल्या गोष्टीत घाव दिसतो, हात दिसत नाही. म्हणूनच असा प्रश्न घेऊन आलेली व्यक्ती पहिल्यांदा विचारते ते मैत्रीविषयी नसतं. ती विचारते, ‘कुणी सांगितलं?’ चित्र या प्रश्नाचं उत्तर देत नाही, आणि वाचणाऱ्यानेही देऊ नये.

तलवारींचा प्रकार वायुतत्त्वाचा मानला जातो: विचार, बोलणं, निवाडा. या मालिकेत आधीचं कार्ड ठेवून बघितलं तर तिसरीचा अर्थ उघडतो. टू ऑफ स्वोर्ड्सवर डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई दोन तलवारी छातीवर आडव्या धरून बसली आहे. आज हे कार्ड निर्णय न होण्याचं म्हणून वाचतात, पण वेटने दिलेल्या अर्थांत मैत्री आणि सलोखा हेही शब्द आहेत, फक्त तो शस्त्रं हातात असतानाचा सलोखा आहे. मैत्रीत दोघींनी एकमेकींविषयी पुष्कळ जाणलेलं असतं. ते जाणणं हेच शस्त्र, आणि ते न वापरणं हीच मैत्री. तोल दोन तलवारींचा असतो तोवर तो टिकतो. तिसरी आली की तो मोडतो. गोल्डन डॉन या इंग्लंडमधल्या मंडळाने, ज्यात वेट आणि स्मिथ दोघेही होते, या कार्डाला दुःखाचं नाव दिलं आणि ते तूळ राशीतल्या शनीशी, राशीच्या दहा ते वीस अंशांशी जोडलं. पत्रिका पाहणाऱ्या मराठी वाचकाला इथे ओळखीचं वाटेल, कारण आपल्याकडेही शनी तुळेत उच्चीचा. त्यांची राशी सायन आणि आपली निरयन, त्यामुळे हे दोन हिशेब एकमेकांत मिसळू नयेत. पण कल्पनेचा गाभा सारखा आहे. शनी तराजूच्या राशीत बलवान होतो, कारण न्यायाला वेळ लागतो आणि तो कठोर असतो. त्याच मंडळाच्या पद्धतीत मेजर अर्कानातलं जस्टिसचं कार्डही तूळ राशीचंच आहे. म्हणजे परंपरेनेच हे दुःख प्रेमाच्या किंवा नशिबाच्या घरात न ठेवता तराजूच्या घरात ठेवलं आहे. ज्या दुःखात कुणीतरी न तोलता निकाल दिला, ते हे दुःख.

आता एक वाचन तपशिलात घेऊ. हे कुणा एकीचं नाही. या कामात जसे प्रश्न येतात त्यांच्या साच्यातून मांडलेलं आहे. दोन मैत्रिणी, शाळेपासूनच्या, आता एकाच उपनगरात राहणाऱ्या, एकाच भिशीत. एकीने दुसरीला सांगितलं की घराच्या कर्जाचे हप्ते जड जातायत आणि मोठं घर विकून लहान घ्यावं का असा विचार घरात चाललाय. काही आठवड्यांनी भिशीत तिसरीच बाई तिला सहानुभूतीने विचारते की यजमानांनी कर्ज बुडवलं म्हणे, बँक घरावर जप्ती आणणार आहे का. त्या दिवसापासून पहिलीने दुसरीचे फोन घेणं थांबवलं, मेसेजला उत्तर दिलं नाही, भिशीही सोडली. दुसरीने दोनतीनदा विचारलं, ‘काय झालं गं?’ आणि मग तीही गप्प झाली. काही महिन्यांनी पहिली विचारायला येते: ही मैत्री पुन्हा जुळेल का? पाच कार्डांची मांडणी केली. मैत्रीचा पाया या जागी सिक्स ऑफ कप्स, जखमेच्या जागी थ्री ऑफ स्वोर्ड्स, विचारणारीच्या स्वतःच्या वाट्याला एट ऑफ स्वोर्ड्स, तिला न दिसणाऱ्या गोष्टीच्या जागी पेज ऑफ स्वोर्ड्स, आणि पुढच्या पावलाच्या जागी जस्टिस.

पहिल्या तलवारीकडे जायचं तर सिक्स ऑफ कप्सपासून सुरुवात करावी लागते. त्या कार्डावर जुन्या वाड्याच्या अंगणात एक मुलगा एका लहान मुलीला फुलांनी भरलेला पेला देतो आहे. लहानपणची, देवाणघेवाणीची मैत्री. अशा मैत्रीत कधीच कुणी सांगत नाही की हे तुझ्यापाशीच ठेव. ते गृहीत असतं. आणि गृहीत असल्यामुळेच दोघींच्या मनात त्याच्या सीमा वेगवेगळ्या असू शकतात. पहिलीच्या दृष्टीने हप्त्यांची गोष्ट गुपित होती. दुसरीच्या दृष्टीने ती काळजीची गोष्ट होती, आणि काळजीची गोष्ट आपण नवऱ्याशी, बहिणीशी, विश्वासातल्या आणखी एकीशी बोलतोच. पहिली तलवार ही: विश्वासाने सांगितलेलं बाहेर गेलं. घाव खरा आहे आणि तो दुसरीच्या हातून झाला आहे, यात शंका नाही. पण तो घाव घालायचा हेतू होता की नव्हता हे या कार्डावर लिहिलेलं नाही. वाचन करणाऱ्याने इथे एकच साधा प्रश्न विचारायचा असतो: तुम्ही तिला नेमकं काय म्हणालात, आणि हे कुणाला सांगू नकोस असं म्हणाला होतात का? पुष्कळदा उत्तर नाही असतं. त्याने दुसरीचा दोष जात नाही, पण त्याचं वजन बदलतं. गुपित फोडणं आणि गुपिताची सीमा न ओळखणं यांची भरपाई वेगवेगळ्या प्रकारे होते.

दुसरी तलवार वाटेत घडते. हप्ते जड जातायत याचं कर्ज बुडवलं झालं, घर बदलण्याच्या विचाराची जप्ती झाली. कुणी मुद्दाम खोटं रचलं असं मानायचं कारण नाही. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1947 मध्ये अफवांवर पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्यांनी एकाला चित्र दाखवून त्याचं वर्णन पुढच्याला, त्याने त्याच्या पुढच्याला असं तोंडी सांगायला लावलं होतं. त्यांना तीन गोष्टी सतत घडताना दिसल्या: तपशील गळून पडतात, उरलेल्यांपैकी एखादा तपशील तीक्ष्ण होतो, आणि एकूण गोष्ट ऐकणाऱ्याच्या आधीच्या समजुतीच्या आकारात बसते. आपल्या उदाहरणात हप्ते, विचार, लहान घर हे गळालं. कर्ज आणि घर तेवढे राहिले आणि धारदार झाले. आणि ऐकणाऱ्यांच्या मनात कर्जाची जी नेहमीची गोष्ट असते, नवरा, बँक, जप्ती, तिच्यात ते बसले. पेज ऑफ स्वोर्ड्स न दिसणाऱ्या जागी आलं आहे ते या वाटेसाठी. वाऱ्यात, ढगांखाली उभा असलेला तरुण, दोन्ही हातांत तलवार, नजर मात्र भलत्याच दिशेला. वेटच्या यादीत याला टेहळणी, पाळत, हेरगिरी असे अर्थ आहेत. इथे वाचणाऱ्यासमोर मोठा मोह असतो. पेज म्हणजे तरुण व्यक्ती, मग घरातली भाची का, भिशीतली नवी मुलगी का, असं विचारणारी स्वतःच सुचवू लागते आणि वाचणाऱ्याने नुसती मान डोलावली तरी एका माणसाचं नाव पक्कं होतं. हे करू नये. पेज ही गोष्ट वाहून नेण्याची क्रिया आहे, चेहरा नव्हे. या कार्डावरून कुणाचंही नाव घेतलं की वाचन त्या साखळीची पुढची कडी होतं. तिथून मग आणखी एक गोष्ट, आणखी तिखट होऊन, घरी जाते.

तिसरी तलवार विचारणारीच्या स्वतःच्या वाट्याला आली आहे, आणि हे सांगणं या कामातलं सगळ्यांत अवघड असतं. एट ऑफ स्वोर्ड्सवर डोळे बांधलेली, हात बांधलेली बाई चिखलात उभी आहे आणि तिच्याभोवती आठ तलवारी रोवल्या आहेत. नीट पाहिलं तर पाय मोकळे आहेत आणि समोरची बाजू उघडी आहे. या मांडणीत याचा अर्थ असा की भिशीत ते वाक्य ऐकल्यावर पहिलीने दुसरीला विचारलंच नाही. ऐकलं, जुळवलं, निकाल दिला, आणि गप्प राहून शिक्षाही सुनावली. दुसरीला आरोपच माहीत नाही. तिच्या दृष्टीने एका दिवसात जिवाभावाची मैत्रीण कारण न सांगता निघून गेली. तिच्याकडेही थ्री ऑफ स्वोर्ड्सच निघालं असतं. त्या कार्डाच्या मधोमध जी सरळ, उभी तलवार आहे तीच मला ही तिसरी तलवार वाटते. दोन बाजूच्या तलवारी तिरप्या आहेत, बाहेरून आल्या आहेत; मधली वरून खाली थेट गेली आहे. अर्थात हे माझं वाचन आहे, परंपरेत असा दाखला नाही. पण तराजूच्या राशीतलं दुःख म्हटलं की दुसरी बाजू न ऐकता दिलेल्या निकालाची आठवण होणं मला सरळ वाटतं. आणि या तिन्हींपैकी विचारणारीला स्वतःच्या हाताने उपसता येईल अशी ही एकच आहे. पहिली तलवार दुसऱ्या मैत्रिणीनेच उपसायची, कबुली देऊन. दुसरी तलवार कुणालाच पूर्ण उपसता येत नाही, कारण भिशीतल्या दहा घरांत गेलेली गोष्ट परत बोलावता येत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो योग्य आहे. दुखावलेल्या माणसावरच दोष टाकायचा का? ज्याचं गुपित फुटलं त्यालाच तू विचारलं नाहीस म्हणून ऐकवायचं का? त्याचं उत्तर असं की दोष आणि वाटा यांत फरक आहे. पाच कार्डांतली तिसरी जागा ‘माझी चूक’ म्हणून नसते. ‘माझ्या हातात काय आहे’ म्हणून असते. गप्प राहणं हे दुखावल्यावर अगदी समजण्यासारखं आहे, आणि काही प्रसंगांत तेच शहाणपणाचं असतं. पण ज्याला मैत्री जुळेल का असा प्रश्न आहे त्याने गप्प राहण्याचा अर्थ ओळखायला हवा, कारण गप्प राहून जुळलेली मैत्री वरवर जुळते. लग्नात भेट होते, हसून बोलणं होतं, कुणीतरी म्हणतं झालं गेलं विसरा, आणि दोघीही त्या विषयाला कधीच हात लावत नाहीत. अशी मैत्री पहिल्या ताणात पुन्हा तिथेच तुटते. वाचनात हे सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. ‘तुम्ही तिला विचारायला हवं होतं’ या वाक्याने समोरची व्यक्ती मिटते. ‘तिला अजून काय माहीत नाही?’ या प्रश्नाने ती मोजू लागते, आणि मोजता मोजता बहुतेकदा तिलाच कळतं की दुसरीला काहीच माहीत नाही.

दुसरा आक्षेप टॅरोवरच आहे. पत्ते पिसून काढलेले. त्यांना भिशीत काय झालं ते ठाऊक नाही. शिवाय बर्ट्रम फोररने 1948 मध्ये दाखवून दिलं की सर्वांना लागू होईल असं सामान्य वर्णन माणसं खास आपल्याचसाठी केलेलं मानतात. थ्री ऑफ स्वोर्ड्सचं दुःख कुणाला लागू होणार नाही? मला हा आक्षेप मान्य आहे, आणि म्हणूनच सामान्य वाचनावर मी समाधानी नाही. दुःख आहे, विश्वासघात आहे, हे फोररच्या वर्णनासारखंच वाक्य आहे. ते चूक ठरूच शकत नाही, म्हणून त्याचा उपयोगही नाही. तीन तलवारी वेगळ्या करून विचारलं की वाचन चूक ठरू शकतं. नेमके शब्द काय होते, ते परत कसे आले, मध्ये किती माणसं होती, तुम्ही विचारलं का, या प्रश्नांना ठोस उत्तरं असतात. कदाचित पहिलीने दुसऱ्याच दिवशी फोन करून विचारलेलं असेल आणि दुसरीने साफ नाकारलं असेल. मग तिसरी तलवार तिच्या हातात नाहीच, आणि वाचन तिथेच बदलायला हवं. कार्डाला काही माहीत नसतं. ते तीन जागा मोकळ्या ठेवतं, आणि त्या व्यक्तीकडून त्या भराव्या लागतात. हेच काम कार्डाशिवायही होऊ शकतं का? होऊ शकतं, कुणी शांतपणे क्रमाने विचारणारं असेल तर. पण दुखावलेलं माणूस स्वतःची हकीकत नेहमी एकाच सुरात सांगतं, आणि समोर तीन तलवारी दिसल्या की ते तीन वाक्यांत सांगू लागतं, एवढा फरक मी मानते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. हे वाचन स्वतःच चहाडी नाही का? दोन माणसं बसून तिथे नसलेल्या तिसऱ्या माणसाविषयी बोलतात, तिच्या मनात काय आहे याचे अंदाज बांधतात, आणि तो अंदाज पत्त्यांच्या नावाने पक्का होतो. दुसरीला यातलं काही माहीत नाही आणि तिने परवानगी दिलेली नाही. जिच्यामुळे मैत्री तुटली तीच गोष्ट पुन्हा घडते, फक्त मेणबत्ती लावून. यातून पूर्ण सुटका नाही, पण मर्यादा घालता येते आणि घातलीच पाहिजे. ‘तिला माझ्याबद्दल काय वाटतं’ या प्रश्नासाठी पत्ते काढायचे नाहीत. ‘तिने मुद्दाम केलं का’ यासाठीही नाहीत. वरच्या मांडणीत दुसरीच्या मनासाठी जागाच ठेवलेली नाही, ती मुद्दाम. जे आहे ते विचारणारीचं: तिचा पाया, तिची जखम, तिचा वाटा, तिला न दिसणारी वाट, तिचं पाऊल. ‘अजून एक कार्ड काढा ना, स्पष्ट होईल’ ही मागणी याच वेळी येते आणि तीच नाकारायची असते. जास्तीच्या कार्डाने दुसरीचं मन स्पष्ट होत नाही, विचारणारीची शंका तेवढी अधिक तपशीलवार होते.

कार्ड उलटं आलं असतं तर? आजकाल सर्रास सांगतात की उलट्या थ्री ऑफ स्वोर्ड्समध्ये मुठी खाली येतात, तलवारी गळून पडतात, म्हणजे जखम भरते आहे. ऐकायला बरं वाटतं. वेटच्या यादीत मात्र उलट्या कार्डाला मनाचा भ्रम, चूक, हानी, गोंधळ असे अर्थ आहेत. चहाडीच्या प्रश्नात मला हाच अर्थ अधिक खरा वाटतो. उलटं कार्ड बहुधा असा माणूस दाखवतं ज्याने जखम बाहेर दाखवणं थांबवलं आहे पण आत तोच संवाद पुन्हा पुन्हा चालवतो आहे: ती तेव्हा असं म्हणाली होती, म्हणजे तेव्हाही तिच्या मनात हेच होतं. वर्षानुवर्षांच्या आठवणी नव्या निकालाच्या उजेडात तपासल्या जातात आणि सिक्स ऑफ कप्समधला फुलांचा पेलाही संशयास्पद ठरतो. ओळखण्याची खूण साधी आहे. व्यक्ती म्हणते, ‘मला आता काही वाटत नाही,’ आणि पुढची दहा मिनिटं त्याच विषयावर, तारीखवार बोलते. तिथे जखम भरली असं सांगणं म्हणजे तिला त्याच फेऱ्यात परत पाठवणं.

शेवटच्या जागी जस्टिस आलं आहे, आणि ही तूळ राशीचीच दुसरी बाजू. या आकृतीच्या उजव्या हातात उभी तलवार आहे, डाव्या हातात तराजू, आणि डोळ्यांवर पट्टी नाही. टू ऑफ स्वोर्ड्स आणि एट ऑफ स्वोर्ड्स दोन्हींवर डोळे बांधलेले आहेत. इथे उघडे आहेत. म्हणून पुढचं पाऊल क्षमेचं नाही. क्षमा नंतर येईल किंवा येणार नाही. आधी तोलणं आहे, आणि तोलायला दोन्ही पारड्यांत काहीतरी लागतं. व्यवहारात याचा अर्थ एक भेट, समोरासमोर, ग्रुपवर नाही आणि लांबलचक मेसेजमध्येही नाही, कारण लिहिलेला मेसेज पुढे पाठवता येतो आणि मग साखळी पुन्हा सुरू होते. त्या भेटीत तीन वाक्यं क्रमाने: मी तुला हे सांगितलं होतं, माझ्यापर्यंत ते असं परत आलं, मी तुला न विचारता गप्प झाले. तिसरं वाक्य गाळलं तर पहिली दोन आरोपपत्र होतात आणि समोरची बचाव करू लागते. तिसरं आधी बोललं तर ती माफी होते आणि पहिली तलवार तशीच राहते. मग थांबायचं. दुसरीचं उत्तर ऐकताना एक गोष्ट पाहायची: ती आधी काय घडलं ते सांगते की आधी कुणी सांगितलं ते विचारते. ‘हो, मी नणंदेशी बोलले होते, मला तुझी काळजी वाटत होती, पण जप्ती वगैरे मी म्हटलं नव्हतं’ असं उत्तर आलं तर पहिली तलवार हलली. फक्त ‘तुला कुणी सांगितलं, नाव सांग’ एवढंच पुन्हा पुन्हा आलं तर ती हललेली नाही. पहिल्या क्षणाला कुणीही दचकून तसं विचारेल, त्यावरून निकाल देऊ नये; तिसऱ्यांदा विचारलं तर मात्र समजावं.

काही वेळा जुळू नये असंही असतं, आणि हे कार्ड ते सांगायलाही नाकारत नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट काहीतरी मिळवण्यासाठी वापरली गेली असेल, नोकरीत पुढे जाण्यासाठी, एखाद्या घरात आपली जागा पक्की करण्यासाठी, तर ती सीमा न ओळखण्याची चूक नव्हे. स्पष्ट विचारल्यावरही घडलेलं नाकारलं, किंवा एकदा बोलणं होऊन पुन्हा तेच घडलं, तर तिसरी तलवार उपसूनही उपयोग नाही. अशा वेळी मालिकेतलं पुढचं कार्ड, फोर ऑफ स्वोर्ड्स, विचारात घ्यावं. कबरीवर कोरलेला योद्धा हात जोडून पडला आहे, तीन तलवारी वर भिंतीवर टांगल्या आहेत आणि चौथी त्याच्याखाली, बाजूने आडवी आहे. वेटने इथे एकांत, विश्रांती, माघार असे अर्थ दिले. तलवारी हृदयातून निघाल्या आहेत, पण घराबाहेर गेलेल्या नाहीत. त्या भिंतीवर आहेत, दिसतात. मैत्री जुळली तरी बहुधा याच रूपात जुळते. दोघी पुन्हा भेटतात, जेवतात, मुलांची चौकशी करतात, आणि कर्ज, सासर, आजार अशा काही गोष्टी आता तिथे बोलल्या जात नाहीत. ज्यांना पूर्वीसारखं सगळं हवं असतं त्यांना हे अपयश वाटतं. मला ते तसं वाटत नाही; काय सांगायचं आणि कुणाला, हे दोघींनी प्रथमच उघडपणे ठरवलेलं असतं, जे सिक्स ऑफ कप्सच्या अंगणात कधी ठरलंच नव्हतं. ती भेट होईपर्यंत याच प्रश्नासाठी पुन्हा पत्ते काढू नयेत. भेटीनंतर विचारणारी परत आली तर प्रश्न बदलून घ्यावा. जुळेल का, हे तोवर पत्त्यांपेक्षा तिलाच जास्त ठाऊक असतं; आता तिच्याशी किती बोलायचं आणि कुठे थांबायचं, यावर मात्र पुन्हा तीन कार्डं मांडता येतात.